एकशेएक्याऐंशीवा दिवस

सोने तारण कर्जाच्या पावतीवर पुढच्या बाजूला ठळक अक्षरात कर्जाची रक्कम छापलेली असते. पाठीमागे, डोळ्यांजवळ धरून वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरात, चार ओळींचा व्याजाचा तक्ता असतो. मी सहकारी बँकेच्या तारण विभागात अनेक वर्षं होते. आता निवृत्त झाले तरी कराडमधली ओळखीची माणसं पावत्या घेऊन घरी येतात. कुणाला सोडवायला किती पैसे लागतील ते जाणून घ्यायचं असतं, कुणाला नूतनीकरणाची नोटीस आलेली असते. पावती हातात आली की मी ती आधी उलटी करते. पुढची रक्कम माणसाला पाठ असते, मागचा तक्ता बहुतेकांनी वाचलेला नसतो.

जानेवारीत शेजारच्या वहिनी अशीच एक पावती घेऊन आल्या. जुलै २०२५ मध्ये मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी पाटल्यांचा जोड आणि सासूबाईंची बोरमाळ एका वित्तकंपनीच्या शाखेत ठेवली होती. कर्ज मिळालं दोन लाख वीस हजार. उसाच्या बिलाचे पैसे आल्यावर डाग सोडवायचे, असं घरात आधीच ठरलेलं होतं. बिल जमा झालं, शाखेत चौकशी केली, तेव्हा तिथून एका कागदावर देय रकमेचं विवरण छापून मिळालं. त्यावर आकडा होता २,४३,१४६. वहिनींच्या मनात होता साधारण दोन लाख तेहतीस हजार, कारण कर्ज घेताना त्यांना "महिना एक टक्का" असं सांगितलेलं त्यांच्या पक्कं लक्षात होतं. "ताई, दहा हजारांचा फरक कुठून आला?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा फरक शोधायचा तर तीन गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात. सोन्याची किंमत कशी धरली, त्या किमतीच्या किती टक्के कर्ज दिलं, आणि व्याज कुठल्या दिवसापासून कुठल्या दराने लावलं. पुढचा सगळा हिशेब त्यांच्याच पावतीवरचा आहे. फक्त आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून सोन्याचा दर आणि वजनं मी थोडी गोल केली आहेत.

सुरुवात वजनापासून. पाटल्यांचं काम सोपं होतं: एकूण वजन २४.००० ग्रॅम, वजावट शून्य, निव्वळ वजन २४.०००, शुद्धता २२ कॅरेट. खडा नाही, मीना नाही, पोकळ घडणही नाही, म्हणून कापायला काही नव्हतं. बोरमाळेची ओळ मात्र मला अडली. एकूण वजन १४.३००, निव्वळ वजन ९.०००, शुद्धता २२ कॅरेट. म्हणजे पाच ग्रॅमहून जास्त वजन गेलं कुठे?

बोरमाळेचे मणी आतून भरीव सोन्याचे नसतात. पातळ पत्र्याचा बोराच्या आकाराचा मणी करून त्यात लाख भरलेली असते, आणि सगळे मणी दोऱ्यात ओवलेले असतात. म्हणून बोरमाळ, ठुशी किंवा मंगळसूत्र तारण ठेवताना लाख, दोरा, काळे मणी यांचं वजन अंदाजाने वजा होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण एवढ्या बोरमाळेत पाच ग्रॅमहून अधिक लाख-दोरा मला जास्त वाटला. शिवाय जुनी बोरमाळ नेमकी २२ कॅरेटची निघणंही नवलाचं. वहिनींना विचारलं, तर शाखेतल्या सराफाने कसोटीवर घासून "हे वीसचं आहे" असं म्हटल्याचं त्यांना आठवलं.

मग कोडं सुटलं. लाख आणि दोऱ्याची खरी वजावट होती ४.४००, म्हणजे निव्वळ सोनं ९.९०० ग्रॅम. ते २० कॅरेटचं. या वित्तकंपन्यांना लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या जुन्या नियमात कमी शुद्धतेचं सोनं २२ कॅरेटच्या प्रमाणात आणून त्याचे ग्रॅम लिहायची पद्धत होती. ९.९०० ला २० ने गुणून २२ ने भागलं की बरोबर ९.००० येतात. शाखेने हा रूपांतरित आकडाच निव्वळ वजनाच्या रकान्यात टाकला होता आणि शेजारी २२ कॅरेट लिहून मोकळी झाली होती. पैशाच्या दृष्टीने वहिनींचं यात एक रुपयाचंही नुकसान नव्हतं. पण कागदावरचा डाग आणि पाकिटातला डाग आता वेगवेगळे झाले होते. पावतीवर लिहिलेली, २२ कॅरेटचं ९ ग्रॅम सोनं असलेली बोरमाळ जगात कुठेच नाही. उद्या हरवल्याचा किंवा बदलल्याचा वाद उभा राहिला, तर हीच ओळ पुढे ठेवली जाणार. म्हणून प्रत्येक डागाचं एकूण वजन, वजावट आणि ती कशाची, प्रत्यक्ष निव्वळ वजन आणि खरं कॅरेट, हे चार रकाने वेगवेगळे भरलेले हवेत. रूपांतरित वजन लिहायचं असेल तर खुशाल पाचवा रकाना करावा.

याहून वाईट प्रकार मी दुसऱ्या पावत्यांवर पाहिला आहे. तिथे आधी शुद्धतेपोटी वजन कमी करतात आणि मग त्या कमी केलेल्या वजनाला २० कॅरेटचाच दर लावतात. म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा कात्री. हे ओळखायची खूण सोपी आहे. निव्वळ वजनाच्या रकान्यात रूपांतरित वजन असेल तर दर २२ कॅरेटचा लागला पाहिजे, आणि वजन प्रत्यक्ष असेल तर दर त्या कॅरेटचा. वहिनींच्या पावतीवर पहिली जोडी होती, त्यामुळे ते तेवढं ठीक होतं.

आता किंमत. पाटल्यांचे २४ आणि बोरमाळेचे ९ असे २२ कॅरेटच्या मापाने ३३ ग्रॅम. दर धरू ग्रॅमला ९,००० रुपये. किंमत झाली २,९७,००० रुपये. इथे बहुतेक सगळ्यांचा आक्षेप एकच असतो, की सराफाच्या दुकानात त्या दिवशी दर जास्त होता. असेलही. तारणाचा दर दुकानातल्या पाटीवरून घेत नाहीत. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोज शुद्धतेनुसार दर जाहीर करते. वित्तकंपन्यांना त्यातल्या २२ कॅरेटच्या मागच्या ३० दिवसांच्या बंद भावाची सरासरी धरावी लागत असे. नव्या नियमात ही सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला जो कमी असेल तो धरतात. त्यात जीएसटी नसतो, मजुरी नसते, खड्यांची किंमत नसते. भाव चढत असताना सरासरी मागे राहते आणि कर्जदाराला ती कमी वाटते. पण भाव घसरायला लागला की आदल्या दिवसाचा भाव सरासरीच्या खाली जातो आणि तो धरला जातो. दोन्हीकडे कमी तेच धरल्यामुळे किंमत सहसा फुगत नाही. पावती तपासताना मी एवढंच करते, पावतीवरच्या तारखेच्या आदल्या ३० दिवसांचे दर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून पावतीवरचा दर त्यांच्या आसपास बसतो का ते बघते. शंभर-दीडशेचा फरक निघाला तर विचारायला जाते.

कर्ज आणि सोन्याची किंमत यांच्या गुणोत्तराला शाखेत सगळे एलटीव्हीच म्हणतात. वहिनींचं कर्ज २,२०,००० आणि किंमत २,९७,०००, म्हणजे एलटीव्ही ७४ टक्क्यांच्या किंचित वर. वित्तकंपन्यांना ही मर्यादा २०१२ मध्ये ६० टक्के होती, २०१४ पासून ७५ झाली. त्या हिशेबाने पावती मर्यादेत होती. पण ही मर्यादा फक्त कर्ज देण्याच्या दिवसाच्या मुद्दलावर पाहायची प्रथा पडली होती. मुद्दलावर चढत जाणारं व्याज त्यात कुणी धरत नव्हतं, आणि माझ्या मते सोने तारणात माणसं अडकली ती मुख्यतः याच फटीत. वहिनींच्या पावतीवर वर्षाअखेरीस एकरकमी फेडायचं असेल तर २१ टक्के दराने व्याज होतं ४६,२००. म्हणजे वर्ष संपताना देणं २,६६,२०० रुपये, आणि भाव होता तिथेच राहिला तरी हे किमतीच्या जवळजवळ ९० टक्के. भाव दहा-अकरा टक्क्यांनी खाली आला की देणं सोन्याच्या किमतीएवढं होतं आणि लिलावाची नोटीस निघते.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जासाठी नवे निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते. त्यात घरखर्च, आजारपण, शिक्षण अशा वापराच्या कर्जांना अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८० आणि पाच लाखांवर ७५ टक्के अशी मर्यादा ठरवली. "आता ८५ टक्के मिळतं" ही बातमी त्यातूनच पसरली. बातमीत राहून गेलं ते असं, की मुदतीअखेर एकरकमी फेडायच्या कर्जात एलटीव्ही हातात पडणाऱ्या रकमेवर मोजायचा नाही. तो मुदत संपताना व्याजासह जेवढं देणं होईल त्यावर मोजायचा. शिवाय अशा कर्जाची मुदत बारा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. वहिनींचाच दागिना नव्या नियमाने धरू. मोठ्यात मोठी ८५ टक्क्यांची मर्यादा धरली तर वर्षाअखेरचं देणं २,५२,४५० च्या वर जाता कामा नये. व्याज २१ टक्के असेल तर त्यातून मुद्दल निघतं सुमारे २,०८,६००. म्हणजे मर्यादा ७५ वरून ८५ झाली आणि त्याच दागिन्यावर कर्ज अकरा हजारांनी कमी झालं. व्याजदर कमी असेल तर जास्त कर्ज बसतं, आणि मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. चढ्या व्याजाची योजना देणाऱ्याला आता त्या व्याजाएवढं कर्ज आधीच आखडावं लागतं. नव्या पावतीवर एलटीव्ही लिहिलेला असेल तर तो कुठल्या रकमेवर काढला आहे, एवढं काउंटरवरच विचारून घ्यावं.

आता पावतीची मागची बाजू. तक्ता असा होता: ३० दिवसांच्या आत व्याज भरल्यास वार्षिक १२ टक्के, ३१ ते ९० दिवस १५ टक्के, ९१ ते १८० दिवस १८ टक्के आणि १८० दिवसांनंतर २१ टक्के. "महिना एक टक्का" या तक्त्यात आहेच, पहिल्या ओळीत. ती ओळ दर महिन्याला शाखेत जाऊन किंवा फोनवरून व्याज भरणाऱ्यासाठी आहे. वहिनींनी सहा महिन्यांत एकदाही व्याज भरलं नव्हतं, कारण सोडवताना एकदमच भरायचं असतं असा त्यांचा समज होता.

पण हा तक्ता वाचायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. एक मार्ग असा, की पहिल्या ३० दिवसांना १२ टक्के, पुढच्या ६० ना १५ आणि त्यापुढच्या ९० ना १८. आयकराचे टप्पे माहीत असलेला माणूस तो असाच वाचतो. १८० दिवसांचं व्याज असं काढलं तर १७,३५९ रुपये येतं. दुसरा मार्ग असा, की ज्या टप्प्यात तुम्ही पैसे भरता त्या टप्प्याचा दर पहिल्या दिवसापासून सगळ्या दिवसांना लागतो. १८० व्या दिवशी भरलं तर सगळ्या १८० दिवसांना १८ टक्के, म्हणजे १९,५२९ रुपये. वहिनींच्या मनातला एक टक्का महिना धरला असता तर १३,०१९. कर्ज एक, दिवस तेच, आणि उत्तरं तीन.

यातलं खरं कुठलं हे तक्त्याखालच्या एका वाक्यावर ठरतं. वहिनींच्या पावतीवर ते होतं: "वरील दर कर्ज वितरणाच्या दिनांकापासून संपूर्ण कालावधीस लागू राहील." काही योजनांत हीच गोष्ट उलट्या अंगाने लिहिलेली असते. मूळ दर २१ टक्के, आणि वेळेत व्याज भरल्यास ९, ६ किंवा ३ टक्के सवलत. अर्थ तोच. सवलत हुकली की मूळ दर पहिल्या दिवसापासून लागतो. "संपूर्ण कालावधी" किंवा "सवलत" यांतला कुठलाही शब्द दिसला की दुसरा मार्ग समजावा.

दुसऱ्या मार्गात प्रत्येक टप्प्याच्या काठावर एक उडी असते. वहिनींच्या कर्जाचं १८ टक्के दराने रोजचं व्याज १०८ रुपये. १७९ व्या दिवसाऐवजी १८० व्या दिवशी गेलं तर १०८ रुपये जास्त. पण १८१ व्या दिवशी सगळ्या दिवसांचा दर २१ होतो आणि व्याज १९,५२९ वरून थेट २२,९१० वर जातं. एका दिवसाचे ३,३८१ रुपये. म्हणून अशा पावतीवर मी पेनने काठाच्या तारखा लिहून देते, ३० वा, ९० वा, १८० वा दिवस कुठल्या तारखेला येतो ते. सोडवणं जमणार नसेल तर निदान त्या तारखेच्या आत आतापर्यंतचं व्याज तरी भरावं. मात्र व्याज भरल्यावर दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात की नाही हे योजनेत लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय "व्याज भरलं म्हणजे दर खाली आला" असं धरू नये.

वहिनींच्या विवरणात व्याज होतं बरोबर २२,९१०. म्हणजे शाखेने १८१ दिवस धरले होते. विवरण ७ जानेवारी २०२६ चं. पावतीची तारीख १० जुलै २०२५. १० जुलै ते ७ जानेवारी मोजले तर १८१ दिवस होतात. संगणकाचं गणित चुकलं नव्हतं, फक्त सुरुवातीचा दिवस पाहायचा राहिला होता.

"वहिनी, पैसे खात्यात कधी आले होते?" असं विचारल्यावर त्यांनी पासबुक काढलं. १० तारखेला संध्याकाळी शाखेत सही झाली होती, दागिने पाकिटात सील झाले होते, पण रक्कम खात्यात जमा झाली ती ११ जुलैला. ११ जुलैपासून ७ जानेवारीपर्यंत होतात १८० दिवस. एका दिवसाने टप्पा बदलला होता आणि दर १८ चा २१ झाला होता.

कर्ज मंजूर झालेल्या किंवा करारावर सही झालेल्या तारखेपासून व्याज आकारणं, रक्कम प्रत्यक्षात नंतर दिलेली असताना, हे रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत अनेक ठिकाणी आढळलं होतं. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बँकेने ही पद्धत अन्यायकारक ठरवली आणि असं जास्त घेतलेलं व्याज परत करायला सांगितलं. महिन्याच्या मध्येच कर्ज दिलं किंवा फेडलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेणं, हेही त्याच परिपत्रकात आहे. साध्या कर्जात एका दिवसाच्या चुकीचे शंभर-सव्वाशे रुपये होतात आणि माणूस भांडायला जात नाही. टप्प्यांच्या योजनेत मात्र तोच दिवस साडेतीन हजारांच्या घरात जातो, म्हणून पासबुकातली तारीख पावतीशेजारी ठेवून पाहावी.

विवरणात आणखी एक ओळ होती, "सूचना शुल्क २३६". दोनशे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कर्ज देताना "मुख्य तथ्य विवरण" नावाचा एक-दोन पानांचा कागद द्यावा लागतो. त्यात वार्षिक खर्चाचा एकत्रित दर आणि सगळी शुल्कं लिहिलेली असतात. जे शुल्क त्या कागदात नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर घेता येत नाही. वहिनींच्या फाइलमध्ये तो कागद होता. त्यात प्रक्रिया शुल्क होतं, अर्धा टक्का म्हणजे ११०० आणि जीएसटी मिळून १,२९८ रुपये. ते कर्ज देतानाच कापलं गेलं होतं. खात्यात २,१८,७०२ जमा झाले होते आणि व्याज २,२०,००० वर चालू होतं. सूचना शुल्काचा उल्लेख कागदात कुठेच नव्हता. खरं तर कसली सूचनाही आलेली नव्हती.

तेव्हा देय रक्कम होत होती २,२०,००० अधिक १९,५२९, म्हणजे २,३९,५२९. विवरणापेक्षा ३,६१७ रुपयांनी कमी. वहिनींच्या अंदाजापेक्षा मात्र साडेसहा हजारांनी जास्तच, आणि ते साडेसहा हजार पावतीप्रमाणे खरे होते. त्यांना ते ऐकून वाईट वाटलं. पण मागच्या तक्त्याखालचं वाक्य आम्ही दोघींनी मिळून दोनदा वाचलं. त्यात वाद घालायला जागा नव्हती.

तारीख तीच होती, ७ जानेवारी. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर १८१ वा दिवस खरोखरच लागला असता आणि शाखेचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. त्यामुळे जेवण बाजूला ठेवून आम्ही दुपारीच शाखेत गेलो. सोबत पासबुकाची प्रत, पावती, मुख्य तथ्य विवरण आणि एका कोऱ्या कागदावर वरचा हिशेब. शाखा व्यवस्थापक तरुण होते. आधी म्हणाले, "मॅडम, सिस्टीम जे दाखवते तेच आम्ही घेतो." मी त्यांना पासबुकातली ११ तारीख दाखवली आणि रक्कम वितरणाच्या नोंदीतला व्यवहार क्रमांक काढून तारीख बघायला सांगितलं. नोंदीतही ११ च होती. त्यांनी वरच्या कार्यालयात फोन केला, मेल केला. तासाभराने सुधारित विवरण छापून आलं. दिवस १८०, दर १८, सूचना शुल्क नाही, एकूण २,३९,५२९. त्या कागदावर "हे विवरण आजच्या दिवसासाठीच" असं लिहिलेलं होतं, म्हणून रक्कम तिथेच बसून वहिनींच्या खात्यातून पाठवली आणि व्यवहार क्रमांक विवरणावरच लिहून व्यवस्थापकांची सही घेतली. ही सही महत्त्वाची, कारण रक्कम दुसऱ्या दिवशी जमा दिसली तर उडीचा वाद पुन्हा उभा राहतो.

पाकीट तिजोरीतून आलं. सील पूर्ण होतं, त्यावर वहिनींचीच सही होती. पाकीट समोर फोडायला सांगितलं आणि प्रत्येक डाग वेगळा काट्यावर ठेवायला लावला. दोन्ही डाग एकत्र तोलले तर एकातली कमी दुसऱ्यात लपते. वजन जुळवायचं ते एकूण वजन. निव्वळ वजन हा अंदाज असतो, काटा तो दाखवत नाही. पाटल्या २४.०००. बोरमाळ १४.२८०. वीस मिलिग्रॅमचा फरक पाहून वहिनींचा चेहरा उतरला. बोरमाळेच्या दोऱ्याला जुलैत ओल असते आणि जानेवारीत तो सुकलेला असतो, त्याने एवढा फरक पडू शकतो. तरी मी काटा शून्यावर आणून पुन्हा तोलायला सांगितलं आणि वहिनींना एक-एक मणी मोजायला लावला. मणी पुरे होते, कुठला दबलेला किंवा भोक पडलेला नव्हता. पाटल्यांवर कसोटीला घासल्याची एक खूण होती, ती ठेवतानाच झालेली. शंभर मिलिग्रॅमच्या पुढे फरक असता किंवा एखादा मणी कमी असता, तर ताबा घेतल्याची सही करण्याआधी तसं रजिस्टरमध्ये लिहायला लावलं असतं. एकदा "दागिने तपासून मिळाले" या ओळीखाली सही झाली की पुढे बोलायला फार थोडं उरतं.

नव्या निर्देशांनुसार पैसे पूर्ण फेडल्यावर डाग त्याच दिवशी, फार तर सात कामकाजी दिवसांत परत द्यावे लागतात. कर्ज देणाऱ्यामुळे त्याहून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. हे बँका आणि वित्तकंपन्यांना लागू आहे. गावातली पतसंस्था किंवा परवानाधारक सावकार यांच्यावर रिझर्व्ह बँकेचा अंमल नाही. तिथली पावती सहकार खात्याच्या आणि २०१४ च्या सावकारी कायद्याच्या नियमांनी तपासावी लागते, आणि तक्रारही तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जाते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण कुठून कर्ज घेतलं हेच नीट सांगत नाहीत. म्हणून पावतीच्या डोक्यावरचं नाव आणि नोंदणी आधी वाचते.

निघताना वहिनींनी कर्ज बंद झाल्याचा दाखला मागून घेतला. मी त्यांना मूळ पावतीची प्रत मागायला सांगितली. शाखेने मूळ पावती "रद्द" शिक्का मारून ठेवून घेतली आणि छायाप्रत दिली. बोरमाळेच्या ओळीत खरं निव्वळ वजन ९.९०० आणि शुद्धता २० कॅरेट असं व्यवस्थापकांनी त्या प्रतीवर पेनने लिहून खाली सही केली. पुढच्या वेळी ती बोरमाळ कुठेही ठेवायची झाली तर सराफासमोर हाच कागद ठेवता येईल. महिन्या-दीड महिन्याने पतअहवालात कर्ज बंद दिसतं का ते बघायचं राहिलं होतं. वहिनींच्या मुलीने ते मोबाइलवर पाहून मला सांगितलं.